हवामान विभागांचा प्रश्नसंच: शिरोळ कोरडं, लंडन ओलं

जगाच्या हवामान विभागांवरच्या बहुपर्यायी संचाचं काम बरंच पुढे सरकलं आहे. नुसतं पाठांतर तपासणारे प्रश्न मी काढून टाकले. 'सहारा कोणत्या खंडात' हे विचारून कुणाचं काही कळत नाही. आता संचात तोच प्रश्न राहतो ज्याचं उत्तर तापमान आणि पावसाच्या आकड्यांवरून मांडून दाखवता येतं, आणि ज्याचा प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्यातरी ठरावीक समजुतीतून निवडला जातो. मोजपट्टी कोपेनची. व्लादिमिर कोपेन मुळात वनस्पतिशास्त्राचा माणूस. कुठे काय उगवतं यावरून त्यानं हवामानाच्या सीमा आखल्या, म्हणून त्याचे आकडे वरवर विचित्र वाटले तरी त्यांच्यामागे झाडं उभी असतात. (भूखंड सरकतात म्हणणारा वेगेनर हा त्याचा जावई. हा प्रश्न मात्र वेगळ्या संचासाठी राखून ठेवलाय.)

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पहिल्या प्रश्नानं:

खालीलपैकी कोणतं शहर निमशुष्क विभागात येतं?
(अ) लंडन (ब) सोलापूर (क) कोल्हापूर (ड) मुंबई

उत्तर (ब). आपल्याकडच्या माणसाला हे लगेच येतं, पण कारण विचारलं की 'तिथं पाऊस कमी' असं म्हणतो. मग त्याला सांगायचं की सोलापूरला वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पडतो आणि लंडनला जेमतेम ६००. लंडनला पाऊस कमी असूनही ते ओलं, आणि सोलापूर कोरडं. खरा प्रश्न इथून सुरू होतो.

कोपेनच्या पद्धतीत कोरडेपणा पावसावर ठरत नाही, पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या ताळ्यावर ठरतो. बाष्पीभवन मोजणं अवघड, म्हणून त्याजागी तापमान घेतलं. वर्षाचं सरासरी तापमान अंश सेल्सियसमध्ये घ्या, त्याला २० नं गुणा. मग पाऊस कधी पडतो ते बघा. सत्तर टक्के किंवा जास्त पाऊस उन्हाळी सहामाहीत असेल तर त्यात २८० मिळवा, सत्तर टक्के हिवाळी सहामाहीत असेल तर काहीच मिळवू नका, आणि दोन्ही नसेल तर १४० मिळवा. आलेला आकडा म्हणजे कोरडेपणाची रेघ, मिलिमीटरमध्ये. वर्षाचा पाऊस रेघेखाली असेल तर जागा कोरड्या गटात. रेघेच्या निम्म्याहूनही खाली असेल तर वाळवंट, निम्म्याच्या वर पण रेघेखाली असेल तर निमशुष्क.

एक गोष्ट इथं पक्की ठेवायला हवी. सहामाही म्हणजे उत्तर गोलार्धात एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आपला मे महिन्यातला उन्हाळा डोक्यात ठेवून हिशोब केला तर आपला पाऊस भलत्याच खात्यात जातो. जून ते सप्टेंबरचा पाऊस कोपेनच्या हिशोबात उन्हाळी पाऊस आहे.

सोलापूरची सरासरी धरली २७ अंश. २० गुणिले २७ म्हणजे ५४०, त्यात २८० मिळवून ८२०. पाऊस ७५०, रेघेखाली. निम्मी रेघ ४१०, तिच्या बराच वर. म्हणजे निमशुष्क. लंडनची सरासरी ११ च्या आसपास आणि पाऊस वर्षभर पसरलेला, म्हणून २२० अधिक १४०, म्हणजे ३६०. पाऊस ६००. आरामात ओलं.

आता स्पष्टीकरणात मी एक वाक्य मुद्दाम टाकलंय, कारण ते २८० कुठून आले हे लोक विचारतातच. उष्ण दिवसांत पडलेला पाऊस लवकर उडून जातो, थंडीत पडलेला मुरतो. म्हणून उन्हाळी पावसाला अट कडक. हाच ७५० मिलिमीटर पाऊस सोलापुरात थंडीत पडला असता तर रेघ ५४० वरच थांबली असती आणि सोलापूर कोरड्या गटातून बाहेर पडलं असतं. रब्बीची ज्वारी ओलीवर काढणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही.

हा प्रश्न मंडळात फिरवला तेव्हा शिरोळकडच्या एका मित्राचा लगेच फोन. "भावा, दर दोन-चार वर्षांनी आमच्या दारात पाणी येतंय, आणि तुझ्या सूत्रात आम्ही सोलापूरच्या रांगेत व्हय?" त्याच्यासाठी आपल्याच जिल्ह्याचा प्रश्न बनवला, आणि आता तो मला संचातला सगळ्यात चांगला वाटतो:

गगनबावडा, कोल्हापूर शहर आणि शिरोळ या क्रमाने हवामान विभाग कोणते?
(अ) तिन्ही मोसमी (ब) मोसमी, सॅव्हाना, निमशुष्क (क) वर्षावन, मोसमी, सॅव्हाना (ड) मोसमी, निमशुष्क, वाळवंट

उत्तर (ब). शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात तीन विभाग. आधी शिरोळ. सरासरी तापमान २५ धरलं तर रेघ ५०० अधिक २८०, म्हणजे ७८०. तिथला पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. रेघेखाली, पण निम्म्या रेघेच्या म्हणजे ३९० च्या वर. निमशुष्कच, आणि (ड) मधलं वाळवंट तिथंच बाद. कोल्हापूर शहराची रेघही तीच ७८०, पण पाऊस हजाराच्या आसपास, म्हणून शहर कोरड्या गटात जात नाही. सर्वांत थंड महिन्याची सरासरीही १८ अंशांच्या वर राहते, म्हणून ते उष्ण कटिबंधीय गटात.

त्या गटात पुढचं वर्गीकरण सर्वांत कोरड्या महिन्यावर होतं. तो महिना ६० मिलिमीटरच्या वर असेल तर वर्षावन. खाली असेल तर वर्षाचा पाऊस २५ नं भागा आणि तो आकडा शंभरातून वजा करा. कोरडा महिना या उत्तराइतका किंवा त्याहून जास्त ओला असेल तर मोसमी, कमी असेल तर सॅव्हाना. कोल्हापूरसाठी हजार भागिले पंचवीस म्हणजे ४०, शंभरातून गेले की ६०. आपल्या जानेवारी-फेब्रुवारीत तर काही मिलिमीटरसुद्धा मुश्किलीनं. सॅव्हाना.

गगनबावड्याला गंमत होते. पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. पाच हजारच धरला तरी भागाकार २००, आणि शंभरातून २०० गेले की उणे १००. उणे पाऊस पडत नाही, म्हणजे जानेवारी ठणठणीत कोरडा गेला तरी अट पूर्ण होते. नीट पाहिलं तर ही मेख २५०० मिलिमीटरवर आहे. तिथं आकडा बरोबर शून्य होतो, आणि त्याहून जास्त पावसाची उष्ण जागा कोरड्या महिन्यांत कितीही कोरडी असली तरी सॅव्हानात जाऊ शकत नाही. म्हणूनच रत्नागिरी मोसमी, पण कुलाबा साधारण २२०० वर अडकतं आणि सॅव्हानात पडतं. मुंबईकराला सॅव्हाना म्हटलं की राग येतो. त्याला सिंह आणि जिराफ दिसायला लागतात.

आणि शिरोळचा महापूर? सूत्र फक्त त्या जागेवर पडलेला पाऊस मोजतं. २००५, २०१९, २०२१ ला शिरोळमध्ये जे पाणी चढलं ते मुख्यतः घाटमाथ्यावर पडलं आणि पंचगंगा-कृष्णेतून खाली आलं. नदीनं आणलेलं पाणी, पाटाचं पाणी, विहिरीचं पाणी, यांतलं काहीच कोपेनला दिसत नाही. म्हणून उसाच्या हिरव्या फडावरून विभाग ओळखायला जाऊ नये. मित्राला हे पटलं, फक्त 'निमशुष्क' शब्दावर तो अजून खट्टू आहे.

तिसरा प्रश्न आपल्या माणसाला हमखास चकवतो:

या चारही शहरांत जून-जुलैत चांगला पाऊस असतो. यांपैकी भूमध्य सागरी हवामानाचं शहर कोणतं?
(अ) कोची (ब) यांगून (क) केपटाऊन (ड) मुंबई

उत्तर (क). केपटाऊन दक्षिण गोलार्धात, म्हणून तिथं जून-जुलै हा हिवाळा. त्या दिवसांत पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि पाऊस आणतो; डिसेंबर-जानेवारीत जास्त दाबाचा पट्टा शहरावर येऊन बसतो आणि उन्हाळा कोरडा जातो. पावसाच्या महिन्यांचा तक्ता कोल्हापूरच्या तक्त्याशेजारी ठेवला तर उंचवटा एकाच जागी येतो, पण तापमानाची रेषा उलटी. तक्ता वाचताना आधी तापमान बघायचं, पाऊस नंतर, ही सवय लागावी म्हणून हा प्रश्न.

चौथा प्रश्न माझा लाडका:

कोणत्या ठिकाणी नैसर्गिक जंगल आढळतं?
(अ) मॅक्वारी बेट (ब) नूक, ग्रीनलंड (क) यकुत्स्क, सैबेरिया (ड) अंटार्क्टिकाचा किनारा

यकुत्स्कला जानेवारीची सरासरी उणे ३८ च्या आसपास, म्हणून ते लोक पहिल्यांदा खोडतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं मॅक्वारी बेट हिवाळ्यातही सरासरी शून्याच्या वर, म्हणून ते निवडतात. उत्तर (क). झाड वाढायला उन्हाळा लागतो. कोपेननं सीमा ठेवली ती सर्वांत उष्ण महिन्याच्या १० अंशांवर. यकुत्स्कचा जुलै १९ च्या आसपास, म्हणून शहराभोवती लार्चची जंगलं. मॅक्वारीचा सर्वांत उष्ण महिना ७ च्या आसपास, नूकचाही तसाच. त्यामुळे दोन्ही टुंड्रात, आणि मॅक्वारीवर एकही झाड नाही, मुख्यतः गवत.

कीटोचा प्रश्न सोपा निघाला. विषुववृत्ताला खेटून असलेलं शहर, पण उंची सुमारे २८५० मीटर, सरासरी १४-१५ अंश, म्हणून १८ ची अट हुकते आणि ते समशीतोष्ण गटात जातं. सुरुवातीला टाकायला ठीक आहे.

महाबळेश्वर मात्र संचातून काढलं. तिथल्या थंड महिन्याची सरासरी १८ च्या अगदी आगेमागे फिरते, त्यामुळे कोणत्या वर्षांची सरासरी घेतली यावर उत्तर बदलतं. असा प्रश्न भांडायला चांगला, गुण द्यायला वाईट. सीमेपासून निदान एक अंश दूर असलेलीच जागा घ्यायची, असं आता ठरवलंय. पावसाच्या बाबतीत रेघेपासून पन्नास मिलिमीटर तरी.

अडकलेला प्रश्न एकच, 'जगातलं सर्वांत मोठं वाळवंट कोणतं'. पावसावरून पाहिलं तर अंटार्क्टिका. पण कोपेनच्या क्रमात ध्रुवीय गटाची तपासणी आधी होते, कोरड्या गटाची नंतर. अंटार्क्टिका पहिल्याच चाळणीत हिमाच्छादित विभागात जातं, वाळवंटापर्यंत पोचतच नाही. सहारा आणि अंटार्क्टिका दोन्ही पर्यायांत ठेवले तर दोघंही हक्क सांगणार. म्हणून शब्द बदलतोय: 'कोपेनच्या वर्गीकरणानुसार वाळवंटी विभागाचा सर्वांत मोठा सलग प्रदेश कोठे आहे?' अंटार्क्टिका चुकीचा पर्याय म्हणून तसाच ठेवणार, आणि स्पष्टीकरणात तपासणीचा क्रम देणार. त्याला जोडीला सहारा आणि अटाकामा आहेत, चौथा पर्याय थर, गोबी घ्यावा की कलहारी हे पुढच्या बैठकीत ठरवू.