सगळं नॉर्मल असलेला रिपोर्ट

एप्रिलचा शेवट होता. सोलापूरच्या त्या उन्हात पोरगं सारखं पाणी मागतंय, याचं कुणालाच काही वाटत नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बापाने पाच वर्षांच्या मुलाला आणलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी: अंगी लागत नाही, रात्री अंथरूण ओलं करतो. मी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट घेऊन आला तेव्हा तो निर्धास्त होता. "नॉर्मल हाय की मॅडम, लाल खूण कुठंच न्हाई."

खूण नव्हती, कारण क्रिएटिनिन ०.९ होतं आणि शेजारी ०.७ ते १.३ ही मर्यादा छापलेली होती. ती मोठ्या पुरुषांची.

क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ. तो तयार होतो स्नायूंत आणि बाहेर पडतो मूत्रपिंडातून. पाच वर्षांच्या पोराच्या अंगावर स्नायू ते किती असणार? या वयात साधारण ०.३ ते ०.५ एवढंच सापडायला हवं. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याहून कमी. मोठ्यांच्या पातळीला ते पोचतं किशोरवयात, स्नायू भरल्यावर. (पहिल्या काही दिवसांतल्या बाळाचा आकडा तर बराचसा आईचाच असतो.)

मुलाला भिंतीला टाचा लावून उभं केलं. उंची ९८ सेंटिमीटर, म्हणजे वयाच्या मानाने बरीच कमी. मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज देणारं श्वार्ट्झचं सूत्र सोपं आहे: उंचीला ०.४१३ ने गुणायचं आणि क्रिएटिनिनने भागायचं. उत्तर आलं ४५. याच उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.४ असतं तर १०१ आलं असतं. म्हणजे लाल खूण नसलेल्या रिपोर्टात मूत्रपिंडांचं निम्म्याहून जास्त काम गेलेलं होतं.

एका आकड्यावर मात्र मी विसंबत नाही. जुन्या जॅफे पद्धतीत रक्तातले इतर पदार्थही क्रिएटिनिन म्हणून मोजले जातात, आणि लहान मुलांच्या छोट्या आकड्यांत तेवढी भर फार होते. म्हणून एन्झाइम पद्धतीने पुन्हा तपासलं, तरी ०.९ च. शिवाय हे सूत्र क्रिएटिनिन स्थिर असेल तरच चालतं. ते रोज चढत असेल तर उत्तर फसवं येतं. बापाच्या पिशवीत तीन महिन्यांपूर्वीच्या तापातला रिपोर्ट निघाला. ०.८, आणि त्यावरही खूण नाही. दुखणं जुनं होतं.

मग त्याला माझ्यासमोर लघवी करायला लावली. पोट आवळून जोर लावत होता, तरी धार बारीक आणि पायाशीच पडत होती. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, मूत्राशयाची भिंत जाड. मूत्रमार्गात जन्मजात पडदा असल्याची शंका आली. लघवी करताना काढतात त्या एमसीयू एक्सरेने ती खरी ठरवली.

बालशल्यचिकित्सकाने दुर्बिणीतून पडदा कापला. काही आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.६ वर स्थिरावलं, म्हणजे सुमारे ६७. ते शंभरावर जाईल असं मी बापाला सांगितलं नाही. रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि उंची दर खेपेला बघावी लागेल, एवढं सांगितलं.