छातीवरची थाप आणि पाठीची रुंदी

रवांडातल्या व्हॉल्कनोज राष्ट्रीय उद्यानात डोंगरी गोरिलांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचं काम माझ्याकडे होतं. ऐकायला सोपं वाटतं. पण नर गोरिला साधारण पाच तासांत एकदा छाती बडवतो, तेही जेमतेम काही क्षण. बाकी वेळ तो खातो, झोपतो, आणि आपण चिखलात मायक्रोफोन धरून उभे.

त्या दिवशी कळपाचा म्होरक्या, चंदेरी पाठीचा नर, रानसेलरीचे देठ सोलत बसला होता. दरीपलीकडून 'पॉक-पॉक-पॉक' आलं आणि त्याचं चघळणं थांबलं. आधी हलके हुंकार, मग ते भराभर वाढत गेले. मध्येच त्याने एक पान तोडून ओठांत धरलं. भूक नव्हती त्यामागे, हा त्या प्रदर्शनाचाच भाग. मग दोन पायांवर उभा राहिला आणि थापा सुरू! लोकांना वाटतं तो मुठी आपटतो. नाही. हात उघडे, तळवे किंचित खोलगट, आणि दोन्ही आळीपाळीने इतक्या वेगात की डोळ्यांना मोजता येत नाहीत. शेवटी आडवा धावत जाऊन त्याने झुडपं उपटली.

पलीकडून आणखी एकदा उत्तर आलं, पण लांबून. वाटाड्या म्हणाला, "ते निघाले. आज मारामारी नाही."

हा निव्वळ राग नव्हे, हे मला कामामुळेच कळलं. याच उद्यानात 2014 ते 2016 दरम्यान संशोधकांनी नरांचे फोटो काढले. प्राण्यावर दोन समांतर लेझर टाकले की त्या ठिपक्यांमधल्या ठराविक अंतरावरून पाठीची रुंदी काढता येते, हात लावावा लागत नाही. त्यांतल्या सहा नरांच्या 36 वेळच्या छाती बडवण्याचं ध्वनिमुद्रणही त्यांनी केलं. नर जितका मोठा, तितका आवाज खर्जातला. किती थापा मारल्या, किती वेळ मारल्या, याचा मात्र आकाराशी संबंध सापडला नाही. म्हणजे जोर लावून थापा वाढवता येतील, पण खर्ज उसना आणता येत नाही. घशाजवळच्या हवेच्या पिशव्या मोठ्या नरांत मोठ्या असाव्यात, असा त्यामागचा तर्क.

आणि ही माहिती दोघांनाही हवी असते. सुळे एवढे मोठे की जिंकणाराही जखमी होतो. दाट झाडीत एकमेकांना पाहणं अशक्य, पण थाप सुमारे किलोमीटरभर ऐकू जाते. समोरचा आपल्याहून थोराड आहे, एवढं लांबूनच कळलं तर वाट बदलता येते. अर्थात प्रतिस्पर्धी आवाज ऐकून नेमका याच हिशेबाने वागतो, हे त्या अभ्यासात तपासलेलं नव्हतं. आमचा शेजारी घाबरून गेला की त्याला तिकडे जायचंच होतं, हे मी छातीठोक सांगणार नाही.

संध्याकाळी दोन्ही आवाज लावून पाहिले. दरीपलीकडचा जास्त खर्जात वाटत होता. पण जंगल तीव्र स्वर आधी गिळतं, त्यामुळे लांबचा प्रत्येक नर दांडगाच भासतो. अंतराची नोंद नव्हती, म्हणून मोजमापासाठी तो तुकडा बाजूला ठेवला आणि आमच्या म्होरक्याचाच पाठवला.