± च्या पुढचा आकडा

मधुमेहींना दिलेल्या आहारसल्ल्यावरच्या नऊ चाचण्या आमच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत होत्या. मी आणि माझी सहकारी, दोघींनी प्रत्येक पेपर वेगवेगळा वाचून आपापली एक्सेल शीट भरली आणि मग दोन्ही शीट शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. आकडा जुळला नाही की पेपर पुन्हा उघडायचा, अशी आमची पद्धत. पाचव्या चाचणीच्या ओळीत सगळं जुळलं, म्हणून ती आम्ही हिरवी केली.

दुपारी आकडे रेवमॅन या सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि फॉरेस्ट प्लॉट बघून मी थबकले. पाचव्या चाचणीचा चौकोन भलामोठा आणि बाकीचे आठ नुसते ठिपके! एकत्रित निष्कर्षात एकट्या तिला ८६ टक्के वजन मिळालं होतं. एकेका गटात रुग्ण तर फक्त ६४. तिच्याहून मोठ्या चाचण्या यादीत होत्या.

पेपर उघडला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, सल्ला घेतलेल्या गटात ७.४ ± ०.२, दुसऱ्या गटात ७.९ ± ०.२. हा ०.२ नेमका काय, ते तक्त्यात कुठंच लिहिलं नव्हतं. आमच्या शीटच्या रकान्यावर 'एसडी', म्हणजे रुग्णारुग्णांतला फरक सांगणारं प्रमाण विचलन, असं छापलेलं, म्हणून दोघींनीही तो तिथं लिहिला. चूक एकच असली की दोघींचं जुळतंच, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

संख्याशास्त्राचे सर म्हणाले, "एसडी ०.२ म्हणजे जवळजवळ सगळे रुग्ण ७.० ते ७.८ मध्ये. असे मधुमेही कुठं भेटतात? पी व्हॅल्यू किती दिलीय ते वाच."

पेपरात ०.०८ होती. ०.२ हा एसडी धरला तर दोन गटांतल्या फरकाचा टी साधारण १४ येतो, आणि पी व्हॅल्यू शून्याला जाऊन टेकते. तोच एसई, म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी धरला, तर टी १.७७ येतो आणि पी बरोबर ०.०८. मग प्रश्नच उरला नाही.

`SD = SE × √n = 0.2 × √64 = 1.6`

इतर चाचण्यांत एसडी १.२ ते १.८ होता, त्यात हा १.६ चपखल बसला. एसडीच्या जागी एसई गेल्यामुळे त्या चाचणीचं वजन ६४ पट झालं होतं. दुरुस्तीनंतर एकूण वजनातला तिचा वाटा ८६ वरून ९ टक्क्यांवर आला.

संध्याकाळी शीटमध्ये तीन रकाने वाढवले: पेपरात छापलेला आकडा जसाच्या तसा, तो एसडी की एसई की विश्वासमर्यादा, आणि कुठल्या पानावरून घेतला. मग हिरव्या ओळी पुन्हा तपासायला बसलो. एका पेपरात ± चा अर्थ दिलेला नव्हता आणि पी फक्त '०.०५ पेक्षा कमी' एवढंच लिहिलं होतं. एसडी धरला तरी ते खरं ठरत होतं, एसई धरला तरीही. मी लेखकांना ईमेल पाठवला आणि तो रकाना पिवळा करून रिकामाच ठेवला.