हात, हात, पाय, पाय

अमृतमहोत्सवी अंकासाठी दोन पानं लिहून दे, असा शाळेचा निरोप आला. स्नेहसंमेलनं, संस्कृतचे तास आणि मधल्या सुट्टीतली सेव-उसळ यांवर बाकीचे लिहितीलच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्नायूंशी माझा रोजचा संबंध. तो विषय मला पहिल्यांदा भेटला पीटीच्या तासाला, म्हणून मी तेवढंच लिहिते.

आमचे पीटीचे सर जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडलेले. बडोद्याच्या मराठी घरांत हे एवढं सांगितलं की पुढचं कळतं. पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला की ते आम्हा मुलींना सभागृहातल्या लाकडी रंगमंचावर घेऊन जात, सतरंजी अंथरत, आणि एकेकीला कार्टव्हील, म्हणजे हातांवरून चाकासारखी बाजूला कोलांटी, करायला लावत. तोंडाने ठेका चालू: "हात, हात, पाय, पाय." गंमत म्हणजे बऱ्याचदा ते बघतच नसत. पाठ करून हजेरी भरत बसत आणि नुसतं ऐकत. फळ्यांवर चार आवाज सुटे आले की "जमतंय", शेवटचे दोन मिळून एकच धप्प झालं की "परत ये गं." आम्हाला वाटायचं, सरांना पाठीला डोळे आहेत.

नवशिकी मुलगी कार्टव्हील करते तेव्हा काय दिसतं? कोपरं वाकतात, कंबरेत घडी पडते, पाय वर न जाता कुशीवरून गोल फिरून येतात, श्वास अडकलेला. बघणारा म्हणतो, हातात जोर नाही. बहुतेक वेळा जोर भरपूर असतो, पण तो आपापसात भांडण्यात जातो. कोपराचंच बघा. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपर सरळ करतो, पुढचा बायसेप्स वाकवतो. हात टेकला की ट्रायसेप्सने कामाला लागावं आणि बायसेप्सने बराचसा हात आखडता घ्यावा, ही अपेक्षा. नवशिकीचे दोन्ही एकदम आवळतात. याला सहआकुंचन म्हणतात. समजा, कोपर सरळ धरायला वीस मापं जोर हवा आहे. बायसेप्स पंधरा मापं उलट ओढत असेल तर ट्रायसेप्सला पस्तीस लावावी लागतात. दोघांचे मिळून पन्नास खर्च, हाती वीस. सरावलेल्या हातात तोच हिशेब चोवीस वजा चार असा असू शकतो. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, पण व्यवहार असाच चालतो. आणि पस्तीस मापं देण्याइतका ट्रायसेप्स दहा-अकरा वर्षांच्या मुलीकडे नसला तर कोपर वाकणारच.

मग शरीर असा उधळेपणा करतंच का? कारण वेळ कमी असतो. पहिला हात टेकल्यापासून शेवटचा पाय येईपर्यंत जेमतेम सेकंदभर. मधेच तोल एका बाजूला गेला, तर ती खबर मेंदूपर्यंत जाऊन विचारपूर्वक दुरुस्तीचा हुकूम परत यायला सेकंदाचा दहावा भाग तरी सहज जातो. डोळ्यांनी बघून सावरायचं तर त्याहून जास्त. वर स्नायूत जोर चढायला लागणारा वेळ वेगळाच. तोवर मुलगी आडवी. पण सांध्याच्या दोन्ही बाजूचे स्नायू आधीच ताणून ठेवले, तर सांधा ताठ होतो आणि हुकमाची वाट न बघता धक्का जागच्या जागी झेलतो. पुढे काय होणार हे माहीत नसताना हा शहाणपणाच आहे. त्याची किंमत मात्र मोजावी लागते: दम लवकर लागतो, हालचाल मंदावते, आणि कंबरेतही तेच झाल्यामुळे पाय उंच जात नाहीत. मागचा पाय वर फेकायचं काम नितंबाच्या आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं. त्याच क्षणी जांघेतले, मांडी पोटाकडे ओढणारे स्नायू आवळलेले असतील तर पाय अर्ध्यातच थबकतो.

सराव होत जातो तसं छोटा मेंदू प्रत्येक खेपेला ठरवलेलं आणि घडलेलं यांतली तफावत टिपतो. हळूहळू हात कधी टेकणार, वजन केव्हा येणार, कंबर कधी डोक्यावरून जाणार, हे त्याला घडण्याआधीच कळायला लागतं. योग्य स्नायूला योग्य क्षणी हुकूम आधीच सुटतो. धक्का अनपेक्षित उरला नाही की ताठपणाची गरजही उरत नाही, आणि सहआकुंचन आपोआप उतरतं. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी याची दुसरी बाजू मांडली होती. नवशिका माणूस बरेचसे सांधे गोठवून टाकतो, म्हणजे सांभाळायला कमी गोष्टी उरतात. सरावाने एकेक सांधा मोकळा करतो, आणि शेवटी हातापायांच्या फेकीचा वेगच कामाला लावतो.

माझी भाची जिम्नॅस्टिक्स शिकायला लागली तेव्हा मी तिच्या दंडावर पुढे-मागे सेन्सर चिकटवले. स्नायूंतले विजेचे बारीक संदेश त्यांतून पडद्यावर दोन रेघांत उमटतात. सुरुवातीला दोन्ही रेघा हात टेकायच्या कितीतरी आधी एकदम फुगायच्या आणि ती उभी राहिल्यावरही उतरायच्या नाहीत. काही आठवड्यांनी ट्रायसेप्सची रेघ टेकण्याच्या जरा आधी उठून लगेच बसायला लागली, बायसेप्सची बरीच खाली आली. "मावशी, ती खालची बंद पडली का?" तिने विचारलं. बंद नव्हती, थोडी हलत होती, आणि तेवढी हवीच असते. टेकण्याच्या नेमक्या क्षणी दोन्ही रेघांत जो उंच काटा दिसतो त्याला मात्र फसू नये. तो बहुतेक वेळा सेन्सरच्या हिसक्याचा असतो, स्नायूचा नव्हे.

सगळीकडचं सहआकुंचन जावं असंही नाही. मनगट, खांदा आणि धड यांना हातांवरच्या त्या क्षणात दोन्ही बाजूंनी घट्टच राहावं लागतं. खांदा ढिला सोडला तर अंग खांद्यात बसतं. पटाईत मुलगीही तिथे आवळते, फक्त वजन असेपर्यंतच.

म्हणूनच "अंग ढिलं सोड" असं ओरडणाऱ्या प्रशिक्षकांशी माझं जमत नाही. ताठपणा हुकमाने सुटत नाही, अंदाज पक्का झाला की सुटतो. भीती वाटली तर परत येतो, शिकलेल्या मुलीतसुद्धा. आमच्या सरांनी कधी ढिलं सोडायला सांगितलं नाही. ते क्रम सांगत आणि भीती कमी करत: आधी बुटक्या बाकावर दोन्ही हात टेकवून पाय नुसते पलीकडे टाकायचे, मग बाक काढून रेघेवर, मग पाय उंच. ठेका तोच. अर्थात आवाज सुटे आले म्हणजे कोपर सरळ होतं असं नाही. तेवढ्यासाठी सरांना हजेरीतून मान वर करावी लागे.

नव्या पीटी शिक्षकांनी मला विचारलं होतं, उजवीकडून छान करणारी मुलगी डावीकडून एकदम नवशिकी का होते? क्रम तिला ठाऊक असतो, तो थोडाफार कामी येतो. पण कुठला हात आधी टेकणार, कुठल्या पायाने रेटा द्यायचा, त्याच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात, आणि तोवर ताठपणा हजर. त्या बाजूला बाकापासूनच सुरुवात करा, असं मी त्यांना सांगितलं. आणि मधे एखादा दिवस जाऊ द्या, म्हणजे थकलेल्या हातांची ओढाताण कौशल्याच्या खात्यावर पडणार नाही.