कळंब्याच्या साइटवर सहा आठवडे: साइट ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी बाल्कनीची सळी आधी बघा

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि मे महिन्याच्या मध्यापासून सहा आठवडे मी कळंब्याच्या बाजूला एका पाच मजली इमारतीच्या साइटवर होतो. कॉलेजला जो अहवाल दिला त्यात सगळं ठरलेल्या साच्यात बसवलं आहे. हा दुसरा अहवाल मागून येणाऱ्या पोरापोरींसाठी आहे. साच्यात न बसलेली गोष्टच जास्त कामाची आहे असं मला वाटतं.

आधी पैशाचं सांगतो, कारण तिथंच मी पहिल्यांदा फसलो. शहरातल्या एका क्लासने "साइट ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट" म्हणून माझ्याकडून अडीच हजार घेतले. दोन दिवस खोलीत बसवून फोटो दाखवले, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट हातात ठेवलं. साइट दाखवलीच नाही. कळंब्याची साइट मला मामांच्या ओळखीने मिळाली आणि तिथं कुणी एक रुपया मागितला नाही. म्हणून सांगतो, ट्रेनिंगसाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका. जिथं सेंट्रिंग लागलेलं दिसतं तिथं सकाळी आठला जा, साइट इंजिनिअरला भेटा, कॉलेजचं पत्र दाखवा. माझ्या वर्गातल्या तिघांना अशीच साइट मिळाली.

बूट, हेल्मेट, पाच मीटरचा टेप आणि खिशात मावणारी वही हे तुमच्याकडे असणारच, त्यावर लिहीत नाही. वीटकाम, प्लास्टर, लेव्हल घेणं, सळीचं वजन काढणं हेही शिकलो. ते दिवस बरे गेले आणि त्यातलं बरंचसं पुस्तकातही मिळतं. मी लिहिणार आहे ते पहिल्या स्लॅबबद्दल.

मी गेलो त्याच आठवड्यात पहिल्या मजल्याचा स्लॅब होता. साधारण 45 घनमीटर काँक्रीटचा माल, म्हणजे तयार माल आणणाऱ्या आरएमसीच्या सहा घनमीटरच्या आठ गाड्या. साइट इंजिनिअर सरांनी मला क्यूबच्या, म्हणजे मालाची ताकद तपासायचे ठोकळे भरायच्या, कामाला लावलं. 31 ते 50 घनमीटरला चार नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे बारा साचे. साच्यात माल तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला 35 ठोके द्यायचे. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी खाली रस्त्यावर गाड्यांपाशीच होतो. दुपारी वळीव आला तेव्हा साच्यांवर ताडपत्री धरून उभा राहिलो. सगळे क्यूब चांगले निघाले, 28 दिवसांनी एम 25 च्या मालाची ताकद 30 च्या वर आली. मला वाटलं, स्लॅब उत्तम झाला.

चूक वर झाली होती, जिथं माझं लक्षच नव्हतं.

त्या मजल्याला तीन बाल्कन्या होत्या. तिन्ही बीमच्या बाहेर दीड मीटर झुकलेल्या, 150 मिलिमीटर जाडीच्या आणि टोकाला आधार नसलेल्या. खोलीच्या स्लॅबला मधोमध खालून ताण येतो, म्हणून मुख्य सळी खाली असते. बाल्कनीचं उलटं असतं. भाकरी एका कडेला धरून उचला, ती झुकेल आणि धरलेल्या बोटांपाशी वरच्या अंगाने चिरेल. म्हणून बाल्कनीची मुख्य सळी वर असते आणि ती बीमवरून आत खोलीच्या स्लॅबमध्ये लांबवर नेलेली असते. आमच्याकडे 10 मिलिमीटरची सळी दर 150 मिलिमीटरला होती. वरून 20 मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, सोडायचं, म्हणजे सेंट्रिंगच्या फळीपासून सळीच्या खालच्या अंगापर्यंत 120 मिलिमीटर भरायला हवेत. हा 120 चा आकडा लक्षात ठेवा.

आदल्या संध्याकाळी तपासणी झाली तेव्हा तो आकडा बरोबर होता, मी स्वतः टेप लावला होता. पण सळी उचलून धरायला खुर्च्या, म्हणजे वाकवलेल्या सळीचे ठोकळे, बाल्कनीला जेमतेम दोन-तीन होत्या. सकाळी माल सुरू झाला आणि माणसं त्याच जाळीवरून ये-जा करू लागली. पंपाचा पाइप तिथूनच ओढला, व्हायब्रेटरवाला तिथंच उभा राहिला. दहा मिलिमीटरची सळी माणसाच्या पायाखाली वाकते, आणि एकदा मालात दबली की आपण होऊन वर येत नाही. वरून मालाचा थर गुळगुळीत फिरवला की आतलं काही दिसत नाही.

ही गोष्ट कळली ती चौथ्या आठवड्यात. टेकू काढून झाले होते आणि वीटकामासाठी एका बाल्कनीत विटांची रास लावली होती, छातीएवढी उंच, नेमकी बाहेरच्या कडेला. रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी वरचा भाग वाळत आला होता, पण बीमच्या कडेला समांतर एक ओली काळी रेघ तशीच राहिली होती. मी नखाने खरवडली तर नख अडकलं. फट केसाएवढी होती, पण बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. भेगेत पाणी टिकतं म्हणून ती रेघ उशिरा वाळते. भेग शोधायची तर पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासाने बघा, कोरड्यात ती सापडणार नाही.

सरांना बोलावलं. त्यांनी आधी विटा उतरवायला लावल्या आणि लगेच टेकू परत लावले. दुसऱ्या दिवशी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आले. त्यांनी भेगेजवळ दोन ठिकाणी छिन्नीने कव्हर फोडायला सांगितलं. सळी वीस मिलिमीटरवर लागायला हवी होती. छिन्नी आत आत जात राहिली आणि सळी लागली ती साठवर.

चाळीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटं. एवढ्याने काय होतं असं मलाही वाटलं होतं, म्हणून त्यांनी तिथंच माझ्या वहीत गणित मांडून दाखवलं. सळीच्या मध्यापासून बाल्कनीच्या तळापर्यंतचं अंतर 125 हवं होतं, ते 85 राहिलं. एक मीटर रुंदीच्या पट्ट्याची क्षमता 26 किलोन्यूटन-मीटर यायची, ती 17 वर आली. बाल्कनीचं स्वतःचं वजन, फरशी, माणसं आणि टोकाची कठड्याची भिंत हे सगळं दीडपट धरून मागणी निघत होती जवळपास 19. सळी तेवढीच, माल तोच, क्यूब पास, आणि तरी बाल्कनी नापास.

त्याच पानावर आणखी एक गणित आहे, आणि मला झोप लागू दिली नाही ती त्याने. नुसत्या स्वतःच्या वजनाने त्या पट्ट्यावर चार-साडेचारच किलोन्यूटन-मीटर येतात. न चिरलेलं काँक्रीट एकटंच तेरापर्यंत पेलतं, सळी असो वा नसो. म्हणजे टेकू काढल्यावर बाल्कनी छान उभी राहते, भेग पडत नाही, आणि सगळे म्हणतात की काम चांगलं झालंय. विटांची रास नसती तर आम्हालाही कळलं नसतं. कठडा बांधून झाला असता, लोक राहायला आले असते आणि कधीतरी गणपतीत मिरवणूक बघायला दहा जणं कडेला उभी राहिली असती. "टेकू काढले, काही झालं नाही" हा बाल्कनीचा पुरावा नाही. हे वाक्य मी अहवालात लिहिलं होतं, गाइडनी काढायला लावलं. इथं लिहितोय.

उरलेल्या दोन बाल्कन्याही उघडून बघितल्या. तिथं सळी दहा-पंधरा मिलिमीटर खाली गेली होती, त्या हिशोबात बसल्या. तिसरीचं काय करायचं ते कन्सल्टंट ठरवणार होते. माझे सहा आठवडे संपले तेव्हा तिच्याखाली टेकू उभेच होते.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. स्लॅबच्या दिवशी तुम्हाला क्यूबवर लावतील, लावणारच, कारण ते काम नवख्याला देता येतं. क्यूब करा, पण माल बाल्कनीकडे पोचायच्या आधी वर जा. सरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की दहा मिनिटं मला वर सोडा. बीमच्या कडेला तीन ठिकाणी टेप उभा लावा आणि फळीपासून सळीच्या बुडापर्यंत मोजा. जाडीतून वरचं कव्हर आणि सळीचा व्यास वजा केला की तुमचा आकडा मिळतो. आमचा 120 होता, तुमचा वेगळा असेल. दहापेक्षा जास्त कमी भरला तर तिथंच बोला. माल पडल्यावर बोलून उपयोग नाही.

दुसऱ्या स्लॅबला आमच्याकडे हे नीट झालं. सळी बांधणाऱ्या फिटरमामांनी खुर्च्या स्वतः वाकवल्या. 150 मधून वरचं कव्हर 20, मुख्य सळी 10, तिच्याखालची आडवी सळी 8 वजा केली की 112 राहतात. खुर्चीचे पाय 20 च्या कव्हर ब्लॉकवर, म्हणून खुर्ची 92 ची. बीमच्या कडेला दोन-दोन फुटांवर एक. चालायला विटांवर फळ्या टाकल्या, पंपाचा पाइप बाल्कनीकडून न आणता जिन्याकडून आणला. मुकादम सुरुवातीला चिडले, "एवढ्यानं काय हुतंय रं पोरा, चार इमारती केल्यात मी अशाच." मामा त्यांना एवढंच म्हणाले, "आण्णा, खालच्या मजल्यावर टेकू कशाला लावलाय ते बघून या."

माल बाल्कनीत आला तेव्हा मामा हातात सळीचा हूक घेऊन तिथंच थांबले. कुठं सळी दबली की हुकाने वर ओढायचे आणि ओढल्यावर तिथं पुन्हा व्हायब्रेटर मारायला लावायचे, नाहीतर सळीच्या खाली पोकळी राहते. मी टेप घेऊन त्यांच्या शेजारी होतो. मालात टेप बुडवून फळीपर्यंतचं मोजता येत नाही, म्हणून वरून खाली मोजायचं. बारीक तार ओल्या मालात टोचायची, सळीला लागली की बोटाने खूण धरायची आणि बाहेर काढून मोजायची. वीस ते पंचवीसच्या मध्ये यायला हवी. तिन्ही बाल्कन्यांत पाच-पाच ठिकाणी तार टोचली. एक जागा पस्तीस भरली, तिथं मामांनी पुन्हा सळी उचलली. रात्री साडेआठला शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा माझ्या वहीत पंधरा आकडे होते. ते पान मी फाडून सरांच्या फाइलला लावलं, क्यूबच्या रिपोर्टच्या वर.