सीरियल नंबर जुळत नाही म्हणून फेटाळलेली एक्स्टेंडेड वॉरंटी: माझा अनुभव

वॉशिंग मशीनवर कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी होती, पुढच्या तीन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी दुकानातूनच घेतलेली. २९व्या महिन्यात ड्रम फिरायचा थांबला. मोटर चालवणारा बोर्ड गेल्याचं टेक्निशियनने जॉबशीटवर लिहिलं आणि दोन दिवसांत मेसेज आला, दावा नामंजूर. दुकान म्हणालं, ते विमा कंपनीचं काम. विमा कंपनी म्हणाली, दुकानाशी बोला.

अशा वेळी आधी प्रमाणपत्राच्या अटी काढून एकच गोष्ट शोधावी: दुरुस्तीचं वचन नेमकं कोणी दिलंय? साधारण दोन प्रकार दिसतात. एकात दुकान स्वतः वचन देतं आणि तो खर्च भरून निघावा म्हणून स्वतःचा विमा काढतं. तिथे विमा कंपनीने दुकानाला नाही म्हटलं, तरी तो त्या दोघांचा व्यवहार, दुकानाची तुमच्याशी असलेली जबाबदारी संपत नाही. दुसऱ्यात विमाधारक तुम्ही असता आणि दुकान फक्त विकणारं. तिथे दावा विमा कंपनीवर, पण विकताना चुकीची माहिती दिली किंवा कागद चुकीचे भरले तर ते दुकानाच्या अंगावर. माझ्या प्रमाणपत्रावर विमाधारक म्हणून माझंच नाव होतं, म्हणजे दुसरा प्रकार. कॉल सेंटर बहुधा या दोघांपैकी कोणाचंच नसतं. ते योजना सांभाळणाऱ्या तिसऱ्या कंपनीचं असतं, त्यामुळे तिथल्या फोनवरच्या 'नाही'ला विमा कंपनीचा नकार समजू नये.

म्हणून नकार लेखी मागितला, अटीच्या क्रमांकासह. सोबत विमा कंपनीला ईमेलवर चार प्रश्न विचारले: हा प्रमाणपत्र क्रमांक तुमच्याकडे नोंदलेला आहे का, कोणत्या सीरियल नंबरवर, संरक्षण कोणत्या तारखेपासून, आणि हप्ता मिळालाय का? दुकानाने पैसे घेऊन पुढे भरलेच नसतील तर ते इथेच उघडं पडतं. उत्तरात हप्ता मिळाला होता, तारीखही बरोबर होती. फक्त सीरियल नंबर वेगळा होता.

कारण डिलिव्हरीच्या कागदांत सापडलं. पहिलं मशीन बसवतानाच बिघडलेलं निघालं होतं आणि चौथ्या दिवशी दुकानाने ते बदलून दिलं. बदलीच्या चलनावर दोन्ही सीरियल नंबर होते, जुना परत आलेला आणि नवा दिलेला. प्रमाणपत्र मात्र पहिल्या नंबरवरच राहिलं. नवा नंबर विमा कंपनीला कळवणं दुकानाचं काम होतं, कारण बदली त्यांनीच केली आणि अटींमध्येही 'बदलीची नोंद विक्रेत्यामार्फत' असंच होतं. हे वाक्य हाती आल्यावर 'दुकानाशी बोला' म्हणजे नेमकं काय बोला, हे ठरलं.

नकाराचं कारण काय, त्यावर रोख कोणाकडे हे ठरतं. नंबर, तारीख किंवा न भरलेला हप्ता असेल तर आधी दुकान. 'नैसर्गिक झीज' किंवा 'पाण्यामुळे नुकसान' असं कारण असेल तर विमा कंपनी, आणि तिथे टेक्निशियनची जॉबशीट हाच मुख्य पुरावा. त्यामुळे बिघाडाचं कारण त्यावर स्पष्ट लिहून घ्यावं. 'बोर्ड चालत नाही' एवढंच लिहिलेलं पुरत नाही. बदललेला जुना भाग, मिळत असेल तर, वाद संपेपर्यंत सोडू नये.

मग दुकान, योजना सांभाळणारी कंपनी आणि विमा कंपनी, तिघांना एकाच ईमेलमध्ये लिहिलं. बिल, प्रमाणपत्र, बदलीचं चलन, जॉबशीट आणि मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो जोडला. वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. एकत्र लिहिलं की एकाचं उत्तर बाकीचे दोघे वाचतात. दुकानाकडे दोनच पर्याय ठेवले: बदलीच्या तारखेपासून नवा नंबर प्रमाणपत्रात लावून आणा, किंवा दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून द्या. १५ दिवसांची मुदत दिली आणि त्यानंतर ग्राहक तक्रारीत तिघांनाही पक्षकार करणार, हेही लिहिलं. एकाच पक्षावर तक्रार केली, तर तो गैरहजर पक्षावर ढकलून मोकळा होतो.

सहाव्या दिवशी दुकानाकडून एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे परत देण्याचा प्रस्ताव आला, सोबत 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेला कागद. त्यावर सही केली असती तर बोर्डाचा खर्च आणि उरलेले ३१ महिने, दोन्हींवरचा हक्क गेला असता. नकार लेखीच कळवला.

अकराव्या दिवशी विमा कंपनीकडून प्रमाणपत्रातल्या सुधारणेची नोंद आली, बदलीच्या तारखेपासून नवा सीरियल नंबर लागलेली. त्याच प्रमाणपत्रावर दावा पुन्हा नोंदवला आणि बोर्ड बदलून मिळाला. सुधारलेलं प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यावरचा नंबर मशीनच्या पट्टीशी एकेक अक्षर जुळवून पाहिला. शून्य आणि 'ओ' यांची अदलाबदल तिथे सर्रास होते, आणि पुढच्या दाव्याला पुन्हा तेच कारण मिळतं.