पंढरपूरच्या धर्मशाळेला लिहिलेले पत्र : माझा अनुभव

आमच्या भजनी मंडळातील 23 जणांना घेऊन पौष शुद्ध एकादशीला, म्हणजे शुक्रवार दि. 10 जानेवारी 2025 रोजी, पंढरपूरला जायचे ठरले आणि धर्मशाळेशी पत्रव्यवहार करण्याचे काम माझ्याकडे आले. पहिले पत्र मी चार ओळींत लिहिले होते : "दि. 9 ते 11 जानेवारी या काळात आमचे 23 वारकरी येत असून त्यांत काही वृद्ध आहेत, तरी राहण्याची व साध्या जेवणाची सोय व्हावी." आठ दिवसांनी व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांनी अतिशय आस्थेने तीन प्रश्न विचारले : "दोन रात्री की तीन? जिना किती जणांना चढवत नाही? आणि एकादशीला साधे जेवण म्हणजे उपवासाचे की रोजचे?" यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्या पत्रात नव्हते. फोनवरच काहीतरी सांगण्यापेक्षा नीट विचारून पुन्हा लिहून पाठवतो, असे मी त्यांना कळवले.

तारखांचा घोळ सोपा होता. "9 ते 11" हे कोणी तीन दिवस मानतो, कोणी दोन रात्री. म्हणून दुसऱ्या पत्रात मी वारासकट लिहिले : "गुरुवार दि. 9 रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास आगमन, शनिवार दि. 11 रोजी सकाळी दहा वाजता प्रस्थान, मुक्काम दोन रात्री." सोबत तिथीही लिहिली, कारण अशा ठिकाणी कामकाज पंचांगावर चालते आणि तारखेत चूक राहिली तर तिथीवरून ती लगेच लक्षात येते.

वृद्धांची माहिती गोळा करायला मात्र दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या सत्कारणी लागल्या असे मला वाटते. सत्तरीच्या पुढचे आठ जण होते, पण वय सांगून व्यवस्थापकांना काहीच कळत नाही. आमच्यातले 78 वर्षांचे अण्णा आजही भराभर जिना चढतात, आणि 66 वर्षांच्या मावशींना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जमिनीवर बसताच येत नाही. मावशी आधी काही बोलल्याच नाहीत. "माझ्यासाठी कुणाला त्रास नको," एवढेच त्या म्हणाल्या. शेवटी मी सरळ विचारले, की गादीवरून उठायला कोणाचा हात लागतो का, तेव्हा त्यांनी हो म्हटले. त्यानंतर पत्रातला मजकूर असा झाला :

"आमच्यात 14 महिला व 9 पुरुष आहेत. तीन महिला व एक पुरुष यांना जिना चढता येत नाही. त्यांना तळमजल्यावर जागा मिळावी, आणि त्यांच्यापैकी दोन महिलांना खाट व कमोड असलेले शौचालय जवळ असणे आवश्यक आहे. उरलेले 19 जण वरच्या मजल्यावर, सतरंजी व गादीवर, महिला व पुरुष स्वतंत्र अशा दोन दालनांत आनंदाने राहतील. मोठी बस गल्लीत येत नसल्यास ती कोठे थांबवावी व तेथून चालावे लागणारे अंतर किती, हे कृपया कळवावे."

काय नको आहे हेही लिहिणे मला महत्त्वाचे वाटले. सर्वांनाच तळमजला मागितला असता, तर त्या चौघांची गरज आमच्याच गर्दीत हरवली असती.

जेवणाचे मी ताटांच्या हिशेबाने लिहिले. गुरुवारी रात्री 23 ताटे : मऊ भात, वरण, पोळी, एक भाजी, तिखट कमी, कांदा-लसूण नाही. शुक्रवारी दोन्ही वेळा 18 जणांना फराळ, म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी. साबुदाणा जड पडतो म्हणून तो टाळावा अशी विनंती. उरलेल्या पाच जणांना मधुमेहाच्या गोळ्यांमुळे उपवास धरता येत नव्हता, त्यांच्यासाठी साधे जेवण वेळेवर, दुपारी साडेबारा आणि रात्री आठ वाजता. एकादशीच्या दिवशी तेथे अन्न शिजत नसेल, तर तसे आधी कळवावे म्हणजे आम्ही भाकरी बरोबर आणू, असेही लिहिले. शनिवारी द्वादशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास संपत होती. म्हणून पारण्याची 23 ताटे साडेसातला मागितली.

शेवटी मंडळाचा शिक्का, दोघांचे दूरध्वनी क्रमांक आणि सर्वांची नावे वयासह जोडली. ओळखपत्रांच्या प्रती व अनामत किती लागेल, ते विचारले. चौथ्या दिवशी उत्तर आले. तळमजल्याची खोली, दोन खाटा आणि फराळ मान्य होता. पाच जणांच्या जेवणाला मात्र नकार होता, कारण एकादशीला तेथील स्वयंपाकघरात केवळ फराळच होतो. त्या पाच जणांसाठी आम्ही ज्वारीच्या भाकरी, मेतकूट आणि दशम्या डब्यांत भरून नेल्या.

शनिवारी सकाळी साडेसातला पाने वाढली, तेव्हा मावशींसाठी भिंतीजवळ एक खुर्ची आणि तिच्यापुढे छोटे मेज आधीच मांडलेले होते. ते आम्ही पत्रात मागितले नव्हते.